घोट्यापासून गुडघ्यापर्यंत

माझा मामा इचलकरंजीत पॉवरलूमवर काम करायचा. तीस-बत्तीस वर्षं, बहुतेक काळ बारा तासांची पाळी, आणि सगळी उभ्याने. धागा तुटला की त्या मागाकडे, तो जोडला की पुढच्या मागाकडे. चार पावलं चालायचं आणि पुन्हा उभं राहायचं. त्याच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक तांबूस-तपकिरी पट्टा होता. लहानपणी मला वाटायचं, ते मागाचं ग्रीस आहे आणि मामा पाय नीट धूत नाही.

पट्टा दरवर्षी थोडा वर सरकत गेला. संध्याकाळी मोज्याची खूण पायात रुतलेली दिसायची, सकाळी सूज उतरलेली असायची. पोटरीवर गांडुळासारख्या वळणावळणाच्या शिरा. रात्री खाज इतकी, की मामी ओरडायची, "अहो, कातडं काढाल आता!" गजकर्ण समजून त्याला एकामागून एक मलमं मिळाली, त्यात तीन-तीन औषधं एकत्र केलेली ट्यूबही होती. २०१९च्या उन्हाळ्यात मागाच्या पट्टीचा जरासा ओरखडा लागला, आणि तो आठ महिने भरला नाही.

त्या आठ महिन्यांत मी वाचत गेलो. सॉफ्टवेअरच्या नोकरीने लावलेली सवय, दुसरं काय. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा बिघडत असेल तर तिचा जुना इतिहास उघडून बघायचा. या जखमेचा इतिहास मात्र निघाला दोन हजार वर्षांचा. त्यातली मोठी गंमत अशी, की काय करायचं ते लोकांना बऱ्याच आधी सापडलं होतं आणि ते का चालतं हे कितीतरी उशिरा कळलं.

सुरुवात एका युद्धकैद्यापासून करतो.

१५५३ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने फ्रेंचांचा एस्दँचा किल्ला घेतला. पकडलेल्यांमध्ये आम्ब्रॉज पारे हा शल्यचिकित्सक होता. बंदुकीच्या जखमांवर उकळतं तेल ओतायची प्रथा मोडणारा म्हणून तो वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आपण कोण हे कळलं तर मोठी खंडणी मागतील, म्हणून त्याने फाटके कपडे चढवून वेष बदलला होता. पण जखमींवर उपचार करताना हात लपत नाहीत. तो ओळखला गेला. शत्रूच्या सेनापतीने, म्हणजे सॅव्हॉयच्या ड्यूकने, त्याला आपल्या चाकरीत बोलावलं. पारेने नकार दिला आणि ड्यूक संतापला.

तिथे व्होदव्हील नावाचा एक सरदार होता. त्याच्या पायावर सहा-सात वर्षांची न भरणारी जखम होती. त्याने ड्यूककडून पारेला मागून घेतलं आणि सौदा ठरवला, की जखम बरी केलीस तर खंडणीशिवाय सुटका. पारेने आपल्या आठवणींत हा उपचार लिहून ठेवला आहे. त्याने जखमेच्या कडा साफ केल्या, रोग्याला पाय वर ठेवून झोपवलं आणि पट्टी बांधली. पट्टी पावलापासून सुरू करून गुडघ्यापर्यंत नेली, आणि फुगलेल्या मोठ्या शिरेवर कापडाची एक छोटी घडी ठेवून तिथे जरा जास्त दाब दिला. जखम भरली आणि पारे घरी गेला.

पारेच्या काळात शरीरात रक्त गोल फिरतं हेच कुणाला माहीत नव्हतं. शिरांमध्ये झडपा असतात, हेही सर्वमान्य नव्हतं. तरी त्याची पट्टी खालून वर गेली, घोट्याकडे घट्ट राहिली आणि शिरेवर दाब देत राहिली. आज लंडनच्या रुग्णालयातली परिचारिका जे करते, त्याचा सांगाडा तोच आहे.

मग हे तेव्हाच सगळीकडे रूढ का झालं नाही? कारण तेव्हाच्या वैद्यकाचा सिद्धांत बरोबर उलट बाजूला उभा होता. गॅलेनच्या परंपरेत पायाची जखम म्हणजे शरीरातल्या दूषित द्रवांना मिळालेली वाट. काळं पित्त आणि बिघडलेलं रक्त जड, म्हणून ते खाली पायात उतरतं आणि तिथून बाहेर पडतं. ही वाट बुजवली तर घाण आत साचून माणूस वेडा होईल किंवा मरेल, अशी भीती होती. त्यामुळे पुढची कित्येक शतकं अनेक वैद्य अशी जखम मुद्दाम भरू देत नसत. इब्न सिनाच्या परंपरेतही म्हाताऱ्यांच्या जुन्या जखमांना हात लावू नये, असं सांगितलं जाई. हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'काहीतरी खाली साचतंय' हे त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं. साचत होतं. फक्त ते पित्त नव्हतं, आणि वाट मोकळी ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हता.

आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत पट्ट्या बांधण्याच्या चौदा पद्धती दिलेल्या आहेत आणि अवयवाप्रमाणे पट्टी कशी बदलायची हेही सांगितलं आहे. पण शिरेतल्या दाबाचा हिशोब तिथेही नाही आणि तो असायचं कारणही नाही. तो कळायला आधी झडप कळावी लागते.

झडपांचं पुस्तक १६०३ साली आलं. पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फाब्रिशियस याने प्रेतांच्या शिरा उभ्या चिरून त्यांतले छोटे पडदे दाखवले आणि सुरेख चित्रं छापली. पण त्यांचं काम काय, हे सांगताना तो चुकला. रक्त शरीराच्या मध्यातून शिरांमार्गे हातापायांकडे जातं, असं तो धरून चालला होता. त्यामुळे हे पडदे म्हणजे वाहत्या रक्ताचा वेग कमी करणारे छोटे बांध आहेत, नाहीतर सगळं रक्त पायात जाऊन साठलं असतं, असा अर्थ त्याने लावला. प्रवाहाची दिशाच उलटी धरल्यावर दुसरा अर्थ निघणार तरी कसा.

त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली ती दिशा सुलटी केली. दंडाला फडकं बांधून, हाताच्या फुगलेल्या शिरेवर बोट सरकवून त्याने दाखवलं, की रक्त झडपेतून हृदयाकडे जातं, मागे फिरत नाही. हा प्रयोग तुम्ही आत्ताही स्वतःच्या हातावर करून बघू शकता. शिरेतल्या गाठीसारख्या फुगवट्याच्या खालच्या बाजूला एक बोट दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने शीर वरच्या बाजूला पुसत न्यायची. रिकामी झालेली शीर खालचं बोट उचलेपर्यंत रिकामीच राहते, कारण वरचं रक्त झडप ओलांडून खाली येत नाही.

आता पायाचा हिशोब करता येतो, आणि माझ्यासारख्या माणसाला इथेच खरी मजा येते. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण ११५ सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा खांब असतो. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड, पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जास्त जड. भागाकार केला तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब सुमारे ९० मिलिमीटर पारा येतो. ही आजाराची गोष्ट नाही. स्वस्थ उभे राहिलात तर तुमच्या-माझ्या घोट्यातही तेवढाच असतो.

फरक पडतो चालायला लागल्यावर. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि झडपा मिटल्यामुळे ते परत येत नाही. पाच-दहा पावलांत निरोगी माणसाच्या घोट्यातला दाब २०-३०वर उतरतो. १९४९ साली पोलॅक आणि वुड या दोघांनी घोट्याच्या शिरेत नळी घालून, माणसांना चालवून, हे मोजलं. झडपा निकामी असतील तर दर पावलाला ढकललेलं रक्त पुन्हा खाली कोसळतं. माणूस चालतो आहे, पण घोट्याला वाटतं तो उभाच आहे.

मामाच्या बाबतीत दोन्ही होतं. झडपा ढिल्या, आणि कामही उभं राहण्याचं.

दिवसरात्र इतका दाब राहिला की केशवाहिन्यांतून आधी पाणी झिरपतं. ती संध्याकाळची सूज. मग प्रथिनं आणि तांबड्या पेशीही बाहेर पडतात. पेशी फुटतात, त्यांतलं लोह कातडीतच राहतं आणि साठत जातं. मामाचा तो 'ग्रीसचा' पट्टा म्हणजे शब्दशः गंज होता, त्याच्याच रक्तातल्या लोहाचा. तो साबणाने जाणार नव्हता, मलमानेही नाही. या साठलेल्या मालामुळे कातडी सतत सुजलेली, कोरडी आणि खाजरी राहते. खालची चरबी हळूहळू घट्ट होऊन आवळते, घोट्याच्या वर पाय बारीक आणि लाकडासारखा टणक होतो. अशा कातडीला ओरखडा पुरतो. पेशी दुरुस्त व्हायला जे लागतं, ते या चिखलातून नीट पोचत नाही. नेमकं कुठल्या टप्प्यावर अडतं, यावर गेली चाळीस वर्षं वाद चालू आहे. १९८२ साली ब्राउज आणि बर्नँड यांनी केशवाहिन्यांभोवती फायब्रिनचं कडं बसतं अशी मांडणी केली. पुढे अडकलेल्या पांढऱ्या पेशींवर बोट ठेवलं गेलं. दाब हे मूळ आहे, यावर मात्र वाद नाही.

हे गजकर्ण नाही, हे ओळखायला दिव्य दृष्टी लागत नव्हती. गजकर्णाला वर उचललेली, पसरत जाणारी गोल कड असते. इथे डाग घोट्याच्या आतल्या बाजूला, वर फुगलेल्या शिरा, आणि सूज संध्याकाळी वाढून सकाळी उतरणारी. शिवाय अशी कातडी मलमांना फार लवकर वावडं धरते. निओमायसिनसारखी प्रतिजैविकं, सुगंधी द्रव्यं, लोकरीचा मेण, कशालाही. मामाच्या पायावर मलम लावलेल्या भागाला चौकोनी लाली यायची. आम्ही म्हणायचो, रोग वाढतोय. वाढत होतं ते मलमाचं वावडं.

१६७६ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शल्यचिकित्सक रिचर्ड वाइजमन याने शस्त्रक्रियेवरचं जाडजूड पुस्तक छापलं. हार्वे वाचलेला हा माणूस. शीर फुगून रुंद झाली की झडपेचे पडदे एकमेकांना टेकत नाहीत आणि झडप निकामी होते, हे त्याने मांडलं आणि या जखमेला शिरांशी जोडणारं नाव दिलं. उपाय म्हणून त्याने मऊ चामड्याचा मोजा सुचवला, बुटाला असते तशी नाडी असलेला. पाय उतरला की नाडी आवळायची. रोज पट्टी गुंडाळणारा माणूस नसला तरी चालेल, असा विचार त्यामागे होता. माझ्या लेखी हा या इतिहासातला सगळ्यात कमी कौतुक झालेला माणूस आहे.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १७९७मध्ये, ब्रिस्टलच्या थॉमस बेंटनने चिकटपट्टीच्या अरुंद पट्ट्या वापरल्या. पट्टीचा मधला भाग जखमेच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा, दोन्ही टोकं ओढून जखमेवर एकमेकांवरून न्यायची, आणि अशा पट्ट्या खालून वर एकावर एक चढवत जायचं. वरून कापडाची पट्टी, आणि पाय गरम झाला की त्यावर थंड पाणी. खरा धक्का पुढे होता. रोग्याला झोपवून ठेवायचं नाही, चालू द्यायचं. तोवर अंथरुणात पाय वर करून महिनोन्‌महिने पडणं हाच मान्य उपचार होता. तो चालतोही, कारण झोपल्यावर रक्ताचा खांबच आडवा होतो. पण गिरणीत, गोदीत उभा राहणारा माणूस सहा महिने झोपून खाणार काय? बेंटनची पट्टी गरिबाची मजुरी बुडू देत नव्हती, आणि माझ्या मते ती टिकली ती याचमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हँबर्गच्या पाउल उन्नाने जस्ताची पेस्ट आणि जिलेटिन लावलेली, वाळून कडक होणारी पट्टी आणली. आजही ती त्याच्याच नावाने वापरतात. कडक पट्टीची खुबी अशी, की स्नायू फुगताना तिला ढकलू शकत नाही, म्हणून पिळण्याचा सगळा जोर आतल्या शिरांवर जातो.

नंतर या गोष्टीत एक इंजिनिअर येतो. त्याच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला म्हणा ना.

कॉनरॅड जोब्स्ट हा जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत टोलीडोला स्थायिक झालेला यांत्रिक अभियंता. त्याला स्वतःलाच शिरांचा हा त्रास आणि पायावर जखमा होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, असं त्याच्या लक्षात आलं. असं अनेकांना वाटलं असेल. पण पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने दोन्ही गोष्टी जोडल्या.

आकडे मांडून बघा. छातीइतक्या पाण्यात उभ्या माणसाच्या घोट्यावर साधारण ११५-१२० सेंटिमीटर पाणी असतं, म्हणजे बाहेरून ८५ ते ८८ मिलिमीटर पाऱ्याचा दाब. आतून रक्ताचा खांब ९०. दोन्ही जवळजवळ फिटतात. गुडघ्यापाशी आतला दाब कमी, तर पाण्याचाही कमी. मांडीला आणखी कमी. पाणी हा प्रत्येक उंचीवर बरोबर मापाचा मोजा असतो. जोब्स्टने तसाच चढउतार कापडात आणायचं ठरवलं. घोट्याला सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जाणारा दाब, प्रत्येक पायाच्या मापाने विणलेला. १९५०च्या आसपास असे मोजे तयार होऊ लागले.

अर्थात ९०चा मोजा कुणी घालू शकणार नाही. झोपल्यावर तो पाय गुदमरवेल. जखम भरण्यासाठी घोट्याला सुमारे ४० मिलिमीटर पारा इतका दाब पुरतो, असं अनुभवाने ठरत गेलं. १९८०च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्यासाठी चार थरांची पट्टी बसवली गेली. आधी कापसाचा थर, मग क्रेप, मग लवचीक पट्टी, वर स्वतःला चिकटणारी पट्टी. आठवड्यातून एकदा बदलायची. तिच्यामागचं गणित लाप्लासचं आहे. ताण तोच ठेवला तर दाब गोलाईच्या उलट प्रमाणात बदलतो. घोटा २४ सेंटिमीटर आणि पोटरी ३६ असेल, तर एकसारख्या ओढीने बांधलेली पट्टी घोट्याला ४० देते आणि पोटरीला २७. म्हणजे वर जाताना पट्टी ढिली सोडायची गरज नाही. पायाचा आकारच उतार तयार करतो. पण याच नियमाने नडगीच्या धारेवर आणि घोट्याच्या हाडावर, जिथे वळण अगदी लहान आहे, दाब भलताच वाढतो आणि कातडी मरते. पहिला कापसाचा थर त्यासाठीच. तो पाय गोल करतो.

मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लेका, हे बीमवरच्या ताणासारखंच की. एका बाजूला ताण जास्त झाला की कापडाची काठ मार खाते." माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान त्याने एका वाक्यात संपवलं.

पट्टी बांधण्याआधी मात्र एक तपासणी व्हायलाच हवी, आणि ती घरी अंदाजाने करता येत नाही. पायाला रक्त पोचवणाऱ्या धमन्याच अरुंद असतील, तर घट्ट पट्टी उरलेलं रक्तही अडवते आणि बोटं काळी पडू शकतात. म्हणून डॉपलरने घोट्यातला रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडातल्या दाबाने भागतात. मामाचा दंडात १४०, घोट्यात १३३, म्हणजे ०.९५. हे ठीक. उत्तर ०.८च्या खाली आलं तर ४०ची पट्टी नको, आधी धमन्या बघायच्या. मधुमेहींमध्ये धमन्या चुन्यासारख्या कडक झाल्यामुळे हा आकडा खोटाच मोठा येऊ शकतो, हे बजावून सांगितलं गेलं. आणि वर्षानुवर्षं असलेल्या, कडा उंचावत चाललेल्या जखमेचा तुकडा काढून तपासतात, कारण क्वचित तिथे कर्करोग होतो.

मामाची जखम साडेचार सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद होती. सगळी मलमं बंद झाली. पहिल्या आठवड्यात पट्टीतून इतकं पाणी आलं की मामीला वाटलं बिघडलं. ते बिघडणं नव्हतं, सूज निघत होती. घोटा बारीक झाल्यामुळे पट्टी तीन दिवसांत ढिली होऊन खाली घसरली आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदा बांधावी लागली. मे महिन्यात इचलकरंजीत चार थर पायाला गुंडाळून बसणं काय असतं, ते त्यालाच विचारा. खाजवायला तो पट्टीत पट्टी घालायचा, म्हणजे लोखंडाची. ती मामीने जप्त केली. बाराव्या आठवड्यात जखम नाण्याएवढी झाली, सतराव्यात मिटली.

मिटली म्हणजे संपली नव्हती. ढिली झडप तशीच असते. २००४ सालच्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत नुसत्या पट्टीने आणि पट्टीबरोबर वरवरच्या शिरेच्या शस्त्रक्रियेने जखमा भरायचं प्रमाण सारखंच आलं. पण वर्षभरात पुन्हा जखम होण्याचं प्रमाण पट्टीवाल्यांत २८ टक्के होतं आणि शस्त्रक्रियावाल्यांत १२. २०१८ची दुसरी चाचणी ४५० रोग्यांवर झाली. त्यात जखम उघडी असतानाच, लवकर, बिघडलेली शीर आतून लेझर वगैरेंनी बंद केली. या गटात निम्म्या रोग्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, वाट पाहणाऱ्या गटाला ८२ दिवस लागले. पट्टी दोन्ही गटांना होतीच. मामाच्या सोनोग्राफीत वरवरची मोठी शीर गळती होती, खोलवरच्या शिरा चांगल्या होत्या, म्हणजे तो या उपायाला योग्य होता. तरी तो दिवाळीनंतर, दिवाळीनंतर करत राहिला. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर खरंच केलं.

आता तो मागावर जात नाही. एका सायझिंगच्या कारखान्यात बसून नोंदी ठेवतो आणि दर तासाला उठून गेटपर्यंत चालत जातो. सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधी मोजा चढवतो, सूज यायच्या आत. तपकिरी पट्टा तसाच आहे, थोडा फिका झालाय. मागच्या वेळी गेलो तेव्हा त्याने नवा मोजा उलटा करून उजेडात धरला होता आणि घोट्याजवळची वीण बोटाने ताणून बघत होता.

"हे विणणाऱ्याला काम येतंय," म्हणाला. "पण सहा महिन्यांत ढिलं होतं बघ. मग फेकायचं, साठवायचं नाही."